नव्या बिऱ्हाडाची भांडी



तुझे पत्र व त्यासोबत जोडलेली भांड्यांची लांबलचक यादी पोहोचली. लातूरहून नोकरीनिमित्त पुण्यास आल्यावर खानावळीच्या पातळ वरणाला कंटाळून तू कोथरुडात एक खोली आणि स्वयंपाकघर असे बिऱ्हाड केलेस, आणि पाकक्रियेच्या माझ्या वर्गात नाव घातलेस, हे दोन्ही योग्यच झाले. परंतु वर्गाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच बाजारात जाऊन सर्व यादी एका फेरीत उरकण्याचा जो बेत तू लिहिला आहेस, तो तूर्त तहकूब ठेवावा असे मला वाटते. यादीतील निम्म्याहून अधिक वस्तू मी तांबड्या शाईने खोडल्या आहेत. त्या वाईट आहेत असे नव्हे. तुझ्या ओट्याला, तुझ्या शेगडीला आणि तुझ्या रोजच्या जेवणाला त्यांचे काही प्रयोजन नाही, एवढाच त्याचा अर्थ. भांडी आधी घेऊन मग ती स्वयंपाकघरात बसवू पाहणारा मनुष्य निष्कारण खर्चात पडतो. आधी स्वयंपाकघर नीट पाहावे, मग बाजाराची वाट धरावी.

तेव्हा पहिले काम असे की एका सायंकाळी रिकाम्या स्वयंपाकघरात उभे राहून चार गोष्टींची नोंद करावी. पहिली अग्नीची. घरमालकाने नळीचा गॅस दिला आहे, सिलिंडर दिला आहे, की काहीच दिलेले नाही, याचा खुलासा करून घे. काहीच नसेल आणि पुण्याच्या पत्त्याचा दाखला अद्याप तुझ्या हाती आला नसेल, तर पाच किलोचा लहान सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो; एकट्याच्या स्वयंपाकाला तो पुरेसा होतो आणि बिऱ्हाड बदलताना एका हाताने उचलून नेताही येतो. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. शेगडीला जोडलेली रबरी नळी घरमालकाच्या जुन्या भाडेकरूपासून चालत आलेली असेल, तर तिच्यावर छापलेले वर्ष वाचून पाहा. मुदत टळलेली असेल किंवा नळी वाकवताच तिच्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर भांड्यांच्या आधी नळी बदलून घ्यावी. जोडणीच्या जागी साबणाचे पाणी लावून फुगे येतात का ते पाहणे ही तपासणी कोणालाही करता येते. काडी ओढून गळती शोधण्याचा जो अघोरी प्रकार काही लोक करतात, त्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये.

दुसरी नोंद विजेची. तुझ्या यादीत विजेवरच्या इंडक्शन शेगडीचा उल्लेख आहे. ही शेगडी बहुधा दोन हजार वॅट शक्तीची असते, म्हणजे आपल्याकडील २३० व्होल्टच्या दाबावर ती पावणेनऊ अँपियरच्या आसपास वीज ओढते. आणि भिंतीवरील लहान सॉकेट सहा अँपियरचे असते. जाड पिनांचे सोळा अँपियरचे सॉकेट ओट्याजवळ असेल तरच ही शेगडी घ्यावी. नसेल तर पिन बदलणारा एखादा जोड लावून लहान सॉकेटमध्ये ती चालवण्याचा मोह धरू नये. तारा तापतात, सॉकेट पिवळे पडून वितळू लागते, आणि मग अनामत रकमेतून होणारी वजावट मुकाट्याने सोसावी लागते. शिवाय या शेगडीवर केवळ लोहचुंबक ज्याच्या बुडाला घट्ट चिकटतो तेच भांडे तापते, ॲल्युमिनियमचे तापत नाही. म्हणून अग्नीचा प्रश्न मिटल्याशिवाय कुकर घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. तिसरी नोंद ओट्याच्या लांबीची आणि चौथी भिंतीची. भिंतीला खिळा मारण्याची परवानगी नसेल, तर टांगायच्या वस्तू घेण्यात अर्थ नाही. अकरा महिन्यांच्या करारनाम्याचे घर आहे हे विसरू नकोस. सारे स्वयंपाकघर दोन पोत्यांत भरून रिक्षात घालता आले पाहिजे, हीच तुझ्या खरेदीची मर्यादा समज.

आता वस्तूंकडे वळू. एकट्या माणसाच्या मराठी स्वयंपाकघराचे तीन खांब आहेत: कुकर, तवा आणि सुरी. हाताशी जो पैसा असेल, त्याचा मोठा हिस्सा या तिघांवर खर्च करावा आणि उरलेल्या शिल्लकेत बाकीच्यांची तजवीज करावी. नवशिके लोक नेमके उलट करतात. काचेच्या बरण्या, रंगीत चमचे आणि डब्यांचे संच यांवर रक्कम संपवतात आणि तवा मात्र स्वस्तातला पातळ पत्र्याचा घेतात.

कुकर तुला तीन लिटरचा पुरे. जोडीला दुसरा कोणी राहणार असेल तर पाच लिटरचा घ्यावा. कुकरांचे झाकण दोन प्रकारचे असते. एक बाहेरून बसते, दुसरे आत सारून मग वर ओढावे लागते. आतल्या झाकणाच्या कुकरात वाफेचा दाब झाकणाला आतूनच घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे दाब असताना ते उघडणे शक्य नसते, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचे तोंड लहान असते आणि लहान आकारात त्यात वरण-भाताचे दोन डबे एकावर एक सहज मावत नाहीत. तुला वरण आणि भात एकाच वेळी लावायचे आहेत, म्हणून बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा, सरळ भिंतीचा कुकर तुझ्या सोयीचा. दुकानात तो घेताना नुसता पाहू नकोस. दोन डबे आणि खालची जाळी आत ठेवून झाकण लावून पाहा, वरचा डबा झाकणाच्या नळीला टेकत नाही ना याची खात्री कर, आणि आयएसआयची खूण असल्याशिवाय पैसे मोजू नकोस. शेगडी गॅसची असेल तर ॲल्युमिनियमचा जाड कुकर उत्तम आणि किफायतशीर. इंडक्शनची असेल तर पोलादी, जाड सपाट बुडाचा.

कुकरचे काम समजून घेतलेस तर त्याची भीती उरणार नाही. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते आणि मग कितीही जाळ केला तरी त्याहून तापत नाही. कुकरच्या शिटीचे वजन वाफेला कोंडून धरते, आतला दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. तूरडाळ ज्या वेळात एरवी अर्धी कच्ची राहिली असती, त्या वेळात ती मऊ होते, ती या वीस अंशांमुळे. दाब मर्यादेबाहेर गेला की शिटी उचलली जाऊन जादा वाफ बाहेर पडते. म्हणजे शिटी ही केवळ जादा वाफ सुटल्याची सूचना आहे. डाळ शिजल्याचा तो दाखला नव्हे. मोठ्या जाळावर चार शिट्या चार मिनिटांत होतात आणि बारीक जाळावर त्यांनाच पंधरा मिनिटे लागतात, म्हणून ‘इतक्या शिट्या’ या हिशोबाने शिकवणे मी कधीच सोडून दिले. पहिली शिटी झाली की जाळ अगदी बारीक करावा आणि घड्याळाकडे पाहावे.

कुकरचे तीन अवयव रोज पाहण्याचे आहेत. झाकणातील नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. डाळीची टरफले तिथे अडकतात. रबरी कडे, ज्याला दुकानदार गॅस्केट म्हणतात, ते प्रत्येक वेळी काढून धुवून मोकळे ठेवावे. ते सैल पडले की काठातून वाफ सुटत राहते, शिटी होतच नाही आणि तळचे पाणी आटून जाते. तिसरा अवयव झाकणावरील सुरक्षा-झडप. कुकर कोरडा पडला किंवा नळी तुंबली तर ती आतून वितळून वाफेला वाट करून देते. ती गेली म्हणजे कुकर बिघडला असे समजून घाबरू नये. आपली चूक काय झाली ते शोधावे आणि त्याच कंपनीची नवी झडप बसवून घ्यावी. मिळेल ती झडप बसवणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

डाळ कितीही वेळ ठेवूनही बोटचेपी होत नसेल, तर दोष कुकरला देण्यापूर्वी पाण्याकडे पाहा. शहराच्या कडेच्या अनेक वसाहतींत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते, आणि जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळीचे दाणे मऊ होण्यास नाखूश असतात. अशा वेळी डाळ अर्धा तास भिजत घालावी आणि शिजवायला पिण्याचे पाणी घ्यावे.

आता तवा. तू लातूरकडचा, ज्वारीच्या भाकरीवाचून तुझे चालणार नाही हे मी गृहीत धरते. भाकरीला आणि पोळीला दोन वेगळे तवे असावेत असा जुन्या घरांतला रिवाज होता, परंतु भाड्याच्या खोलीत एकाच तव्यावर भागवावे लागेल, आणि तो बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा, सुमारे दहा इंच व्यासाचा, किंचित खोलगट. इंडक्शनवर मात्र खोलगट तवा मधोमध टेकत नाही, तिथे सपाट बुडाचाच लागतो. जाडी महत्त्वाची आहे, कारण पातळ पत्रा ज्योतीच्या बरोबर वरच जळतो आणि कडेला थंड राहतो, तर जाड लोखंड उष्णता साठवून सावकाश आणि सर्वत्र सारखी देते. पिठाची थंड भाकरी टाकल्याबरोबर ज्याची आच एकदम उतरत नाही, तोच तवा भाकरीचा. मुलामा दिलेले, पदार्थ न चिकटणारे तवे भाकरीच्या तापाला योग्य नाहीत. रिकामे फार तापवले की तो मुलामा बिघडतो, आणि लोखंडी उलथन्याने खरवडला की गेलाच. धिरड्यांसाठी असा एखादा तवा पुढे घेतलास तरी हरकत नाही. पहिल्या यादीत त्याला जागा देऊ नकोस.

नवा लोखंडी तवा दुकानातून आणून थेट चुलीवर ठेवायचा नसतो. त्याला आधी वळण लावावे लागते. कारखान्यात गंज चढू नये म्हणून त्यावर काहीतरी चोपडलेले असते, ते गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने कसून घासून काढ. पाणी काळे येणे थांबले म्हणजे लगेच तवा पुसून बारीक आचेवर पूर्ण सुकव. ओला तवा तासाभरातही तांबूस पडतो. मग शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या तेलाचे चार थेंब टाकून जुन्या सुती फडक्याने सगळीकडे चोळ आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने तेच तेल जणू चुकून लागले होते अशा रीतीने पुसून घे. खिडकी उघडी ठेवून मध्यम आचेवर तवा धुरकट होईपर्यंत तापव, थंड होऊ दे, आणि हाच क्रम तीन-चार वेळा कर. राखाडी लोखंड प्रथम तपकिरी होते, मग काळसर, आणि अखेर त्यावर मंद तकाकी येते. बोट फिरवले असता पृष्ठभाग गुळगुळीत लागला तर काम साधले; चिकट लागला तर तेल जास्त झाले आणि ते नुसतेच आटून बसले असे समजून पुन्हा घासावे. पहिल्या दोन-तीन पोळ्यांना काळपट डाग लागतील, त्या बाजूला ठेवाव्यात. पुढे रोज वापरानंतर तवा धुवून आचेवर कोरडा करून तेलाचा बोळा फिरवला की वर्षानुवर्षे त्याला काही होत नाही. गंज चढलाच तर हळहळू नये, घासून पहिला विधी पुन्हा करावा. पोळी टाकण्यायोग्य तवा तापला की नाही हे पाण्याच्या थेंबाने कळते: थेंब चुर्र करून तिथल्या तिथे विरला तर ताप योग्य, न विरता गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर जाळ कमी करावा.

तव्याची सोबत म्हणून पोळपाट-लाटणे आणि परात. पोळपाट लाकडी घ्यावा. संगमरवरी दिसतो देखणा, पण जड आहे आणि बिऱ्हाड हलवताना फुटतो. तीन पायांचा पोळपाट चार पायांच्या पोळपाटापेक्षा शहाणा, कारण ओटा थोडा उंचसखल असला तरी तीन पाय कधी डगमगत नाहीत. ग्रॅनाइटच्या ओट्यावर तो सरकत असेल तर खाली ओले फडके घालावे. लाटणे पारखण्याची रीत अशी की ते दुकानाच्या सपाट काउंटरवर ठेवून हळूच गडगडवावे. मधून उजेड दिसला किंवा ते लंगडत गेले तर बाजूला ठेवावे. दोन्ही लाकडी वस्तू पाण्यात बुडवून ठेवू नयेत, धुवून लगेच उभ्या करून वाळवाव्यात, नाहीतर पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि उन्हाळ्यात भेगा. भाकरीसाठी तुझ्या आईकडे लाकडी काठवट असेल. ती मागवून घे, असली वस्तू पुण्याच्या बाजारात सहज हाती लागत नाही. नसेल तर रुंद बुडाची पोलादी परात घे, पीठ मळणे, भाकरी थापणे आणि पालेभाजी निवडणे ही तिन्ही कामे तिच्यात होतात.

विळीविषयी तू विचारले आहेस. विळीची योग्यता मला पूर्ण मान्य आहे. नारळ खवण्यास आणि पालेभाजी बारीक चिरण्यास तिच्यासारखे साधन नाही, आणि दोन्ही हात मोकळे राहत असल्याने सराव झालेल्या हाताला ती सुरीहून वेगवान असते. परंतु ती जमिनीवर बसून वापरण्याची वस्तू आहे. तुझा ओटा उभ्याचा, खोली लहान, आणि कार्यालयातून आलेला एखादा मित्र काळोखात दिवा शोधत आत शिरणारा. म्हणून सुरीच घे. पात्याची लांबी सहा इंचांच्या आसपास असावी, पाते मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेले असावे, आणि हातात धरल्यावर तिचे वजन जाणवावे. चिरायला लाकडी पाट घ्यावा. काचेच्या किंवा दगडी पृष्ठभागावर चिरलेस तर आठवड्यात धार जाते. धार गेल्याचे ओळखायला टोमॅटो पुरेसा आहे: पाते सालीवर घसरून टोमॅटो दबू लागला की समजावे. बोथट सुरी कांद्याला कापण्याऐवजी चेचते, त्याचा रस अधिक उडतो आणि डोळ्यांना अधिक झोंबतो; जोर लावावा लागल्याने ती बोटावरही घसरते, म्हणून बोटे कापतात ती बहुधा बोथट सुरीनेच. धारवाला दारावर येईल तेव्हा येईल. तोवर चिनीमातीच्या कपाचे बूड पाहा, त्याच्या खाली जे खरखरीत, बिनझिलईचे कडे असते, त्यावर पाते थोडे तिरपे धरून मुठीपासून टोकापर्यंत एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ओढत गेलास की दहा-पंधरा ओढींत काम चालण्याजोगी धार येते. पाते मग पुसून घ्यायला विसरू नकोस.

पातेली दोन पुरेत: एक लिटर-सव्वा लिटरचे दुधाचे, आणि दुसरे त्याच्या दुप्पट, ज्यात पहिले ठेवता येईल. पोलाद टिकाऊ खरे, पण उष्णतेचे ते वाईट वाहक आहे. पातळ बुडाच्या पोलादी पातेल्यात ज्योतीच्या वर्तुळाएवढे दूध तळाला लागते. म्हणून पोलाद घेशील तर जाड बुडाचे. बुडावर बोटाचे पेर आपटून ऐक: पातळ बूड खणखणते, जाड बूड बद्द वाजते. ॲल्युमिनियमची किंवा हिंडालियमची पातेली उष्णता छान पसरवतात, पण चिंचेची आमटी, कढी, आमसुलाचे सार असले आंबट पदार्थ त्यांत शिजवून रात्रभर ठेवू नयेत. लोखंडी कढईलाही हाच नियम. कोरडी भाजी, पिठले, परतणे यांना तिच्यासारखी कढई नाही, परंतु आंबट पडताच पदार्थ काळा होतो आणि लोखंडाची चव धरतो. घरून आजीचे पितळी पातेले आणण्याची तुझी इच्छा मला समजते. ते आण, पण आतली कल्हई शाबूत आहे का ते पाहून. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांनाच वितळते, तेव्हा असे भांडे रिकामे तापवायचे नसते, आणि थर उडालेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. कल्हईवाला आता गल्लीत येत नाही. तांबट आळीत चौकशी केल्यास काम होते. तोवर त्या पातेल्यात कोरडे धान्य ठेव.

या सगळ्याचा तपशील एका जेवणावर घासून पाहू, म्हणजे यादी खरी की खोटी हे कळेल. सोमवारी सायंकाळी तू सात वाजता घरी आलास असे धर. आल्याबरोबर अर्धी वाटी तूरडाळ धुवून भिजत टाकलीस आणि हातपाय धुवून, चहा घेऊन साडेसातला ओट्याशी उभा राहिलास. डाळ दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि तेलाचे चार थेंब घालून खालच्या डब्यात. एक वाटी तांदूळ धुवून दोन वाट्या पाणी घालून वरच्या डब्यात. कुकरच्या तळाशी जाळी आणि दोन वाट्या पाणी, त्यात वापरलेल्या लिंबाची एक फोड, म्हणजे ॲल्युमिनियम आतून काळे पडत नाही. पहिली शिटी होईपर्यंत मोठा जाळ, नंतर बारीक आचेवर दहा मिनिटे, मग गॅस बंद. शिटी उचलून वाफ घालवण्याची घाई करू नये. दाब आपोआप उतरेपर्यंतच्या पुढच्या दहा मिनिटांत डाळ आणि भात आतल्या उष्णतेवर मुरतात. या वेळात दुसऱ्या चुलीवर कढईत मोहरी-हिंगाची फोडणी करून दोन बटाटे बारीक काचऱ्या करून परतायचे आहेत. सुरी, पाट, कढई आणि उलथने लागले. कुकर उघडायला येतो, डबे सांडशीने उचलतोस, वरण पळीने घोटतोस, त्यावर मीठ, गूळ, तूप. पोळ्या करायच्या असतील तर कणीक भाजी परतण्यापूर्वी भिजवलेली असावी आणि तवा कढईच्या जागी चढावा. सव्वाआठला ताट वाढून झाले. मोजून पाहा: या जेवणात जे हाती आले तेवढेच तुझ्या पहिल्या फेरीत घ्यायचे. दोन वेळच्या जेवणात ज्याला हात लागला नाही, ते पहिल्या महिन्यात घेऊ नये.

लहानसहान वस्तूंची फेरिस्त थोडक्यात देते. सांडशी एक, पण तिचे तोंड तुझ्या डब्यांच्या काठाला घट्ट पकडते का हे पाहून घेतलेली. चिमटा, उलथने, पळी, झारा, चहाची गाळणी, पिठाची चाळणी, किसणी, मिसळणाचा डबा, दोन ताटे, चार वाट्या, दोन फुलपात्री, पाण्याचा हंडा किंवा टाकी, आणि हात पुसायच्या फडक्यांहून वेगळी अशी भांडी धरायची दोन जाड फडकी. खलबत्ता पोलादी, लहान; लसूण, आले आणि दाण्याचा कूट यांपुरता तो पुरतो, आणि त्यामुळे मिक्सरचा निर्णय दोन महिने पुढे ढकलता येतो. इडलीपात्र, मोदकपात्र, केकची शेगडी, हवेवर तळण्याचे यंत्र, विविध आकारांचे साचे हे सर्व मी खोडले आहे. इडलीपात्र शेजाऱ्यांकडून एका रविवारपुरते मागता येते. तवा मागता येत नाही.

खरेदी बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत करावी. तुळशीबागेत दुपारी जावे, सायंकाळी तिथे उभे राहायला जागा नसते. जिथे भांडी वजनावर मिळतात तिथे ती तशीच घ्यावीत, कारण तिथे जाड बूड लपत नाही. ‘संच’ म्हणून दिली जाणारी भांडी घेऊ नयेत. त्यांत एक उपयोगी पातेले आणि पाच निरुपयोगी वस्तू असतात. कुकरची पावती आणि हमीपत्र एका पाकिटात घालून करारनाम्याशेजारी ठेव. घरमालकाने शेगडी, टाकी, कपाटे जे काही दिले असेल, त्याची यादी तारखेसह लिहून दोघांच्या सह्या घे, आणि शेगडीवरचे जुने डाग व ओट्याचे उडालेले कोपरे त्यात आवर्जून नमूद कर. घर सोडताना तफावत निघाली तर तोच कागद कामास येतो.

पहिला वर्ग बुधवारी सायंकाळी साडेसहा वाजता आहे. येताना तवा वळण लावलेला असो वा नसो, घेऊन ये. सुरी आणि एक चिनीमातीचा कपही आण. कुकर मात्र त्याआधी विकत घेऊ नकोस. ओट्याजवळचे सॉकेट सहा अँपियरचे आहे की सोळाचे, हे मला कागदावर लिहून दाखव, मग कुकर कोणता घ्यायचा ते सांगेन.